धाकट्या जावेचं तोंड, भलतीचं बोलणं

जवळ ये गं पोरी, अशी समोर बस. पुण्यातून कशी येऊ म्हणतेस? मग हा कागद तरी जवळ धर, आणि तो मोबाईल घडीभर पालथा ठेव. सकाळी मला तो पुढारी नाचतोय तो व्हिडिओ तूच पाठवलास ना? आणि खाली लिहिलंस, "मावशी, हे खरं आहे का गं?" अगं, मी काय त्याच्या मांडवात बसले होते? शंका आली होती तर तिथंच थांबायचं. मला पाठवलास म्हणजे आणखी सात-आठजणींना पाठवला असशील. त्या सात-आठजणींना तू विचारलं नाहीस बाई, दाखवलंस. मी फार रागवत नाही, कारण हेच शहाणपण मी स्वतः केलंय. त्यात माझ्या धाकट्या जावेची निवडणूक बुडायची राहिली. ते सगळं लिहूनच पाठवते, म्हणजे वाचल्याशिवाय सुटका नाही.

पंचायत समितीला आमचा गण, म्हणजे मतदारसंघ, बायकांसाठी राखीव निघाला. निघाला त्या दिवशी गावातल्या कितीतरी पुरुषांना आपल्याला बायको असल्याची आठवण झाली. वीस वर्षांत "जेवलीस का" असं ज्यांनी विचारलं नव्हतं, ते बायकोला फोटो काढायला तालुक्याला घेऊन गेले. त्यात आमचे दीरही होते. धाकट्या जावेला उभी केली. बॅनरवर भावजींचं तोंड सुपाएवढं, आणि जावेचं पापडाएवढं, कोपऱ्यात. सभेत ती हात जोडून उभी, पदर कपाळापर्यंत, आणि माईक भावजींच्या हातात. "मी निवडून आलो तर," असं ते सुरू करायचे. खालून कुणीतरी म्हणायचं, "वहिनी निवडून आल्या तर." भावजी म्हणायचे, "तेच ते."

जावेला बोलता येत नाही असं समजू नकोस. तिच्या चाळीस शेळ्या आहेत आणि तीन शेतं ओलांडून तिची हाक जाते. पण भावजींचं ठरलेलं, "तिचं बोलणं लई रांगडं हाय. तोंड उघडलं की मतं जातील." तिला मात्र निवडून यायचं होतं ते एकाच गोष्टीसाठी. आमच्याकडची माणसं दिवाळी झाली की ऊस तोडायला घाटाखाली जातात, लेकरं मागं राहतात ती म्हाताऱ्यांच्या भरवशावर. त्या लेकरांचं हंगामी वसतिगृह दरवर्षी मंजूर होतं आणि दरवर्षी उघडतं ते टोळ्या परत यायच्या सुमाराला. जाऊ म्हणायची, "अक्का, एकदा मला त्या हापिसात बसू दे. दिवाळीच्या आधी कुलूप काढून घेते."

आता मतं कुणाची, तर याच माणसांची. आमच्या वाडीच्या आणि शेजारच्या वस्तीच्या मिळून दोन टोळ्या. एका टोळीत वीस कोयते, आणि एक कोयता म्हणजे नवराबायको दोघं. मतदानाला ट्रकानं यायचं आणि दुसऱ्या दिवशी उसाच्या फडात परत, असं त्यांचं ठरलेलं होतं. त्यांची म्हातारी माणसं, त्यांची जनावरं, सगळ्यांकडं जाऊच बघायची. ते आले तर ती निवडून येणार, नाही आले तर बसणार घरी, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

मतदानाला सहा दिवस राहिले होते. मी मेथी निवडत बसले होते आणि मोबाईलवर व्हिडिओ आला. बघते तर आमची जाऊ! लाल पडद्यासमोर, हातात माईक, आणि तोऱ्यात म्हणतेय, "उसाला गेलेल्यांना कशाला बोलवायचं? ट्रकात भरून आणायचं, खायला घालायचं, परत पोचवायचं. त्यांच्या मतावाचून माझं काय अडत नाही."

माझ्या हातातली मेथी खाली पडली. हिनं हे बोलावं? आवाज जरा वेगळा वाटला, पण माईकमुळं असेल म्हटलं. तोंड तर तिचंच, कपाळावरचं गोंदण तिचंच. मग मी काय केलं? उठून चार पावलांवर तिच्या दारात जायचं सोडून आमच्या बायकांच्या ग्रुपवर तो व्हिडिओ टाकला आणि खाली लिहिलं, "ही खरंच आपली हाय का? बघा गं." ग्रुपची मी प्रमुख. प्रमुखबाईनंच टाकल्यावर सगळ्यांनी बघितला. आणि बघितलेल्या बायकांच्या बहिणी, नणंदा, भावजया कुठं होत्या? फडात.

दुपारी मुकादमाच्या बायकोचा आवाज आला मोबाईलवर. मुकादमीण म्हणजे टोळीचं निम्मं डोकं, आणि जावेला सगळी टोळी काकू म्हणते. "अक्का, काकूला सांगा, आमी येत न्हाई. ट्रक नगं, काय नगं. आमच्यावाचून अडत न्हाई म्हनल्यावर कशाला यायचं?"

तो आवाज मी ऐकत होते तेवढ्यात जाऊ दारात. तिलाही कुणीतरी दाखवलं होतं. डोळ्यात पाणी नव्हतं, राग होता. "अक्का, मी आसं बोलले न्हाई."

"मग तोंड तुझंच कसं?"

"मला काय म्हाईत! सभेत मला कुणी बोलू तरी दिलंय का आजवर?"

पोरी, त्या क्षणी मला माझी लाज वाटली.

आमच्या अंगणवाडीच्या ताई मात्र डोक्यानं पक्क्या. तोंडं ओळखायचं काम त्यांच्याइतकं तालुक्यात कुणी केलं नसेल. सरकारनं त्यांच्या मोबाईलवर एक ॲप दिलंय. पोषण आहाराचं पाकीट द्यायच्या आधी बाईचं तोंड त्यात दाखवायचं. बाई समोर उभी, कडेवर लेकरू, आणि ॲप म्हणतं ही ती नव्हेच. मग ताई दिवसभर म्हणत बसतात, "डोळे मिचकव. मान हलव. पदर मागं घे. हसू नको." खऱ्या बाईला सरकार ओळखत नाही, आणि खोट्या बाईला सगळा तालुका ओळखतो, असा सगळा प्रकार.

ताईंना बोलावलं. ओसरीवर आम्ही दहाबारा बायका गोळा झालो. ताईंनी आधी मलाच धरलं. "अक्का, तुम्ही ग्रुपवर टाकलेला पहिल्यांदा काढा, सगळ्यांच्या मोबाईलवरून जाईल असा. पण तुम्हाला जो आलाय तो पुसू नका. कुठल्या नंबरवरून आला, किती वाजता आला, त्याचा फोटो काढून ठेवा. तक्रारीला लागेल."

"काढला की झालं ना?"

"जो पुढं गेला तो गेला. तो तुमच्या हातात नाही आता."

मग आवाज बंद करून व्हिडिओ हळूहळू लावला. ताई म्हणाल्या, "ही यंत्रं काय करतात, एका बाईच्या अंगावर दुसरीचा चेहरा बसवतात. चेहरा तेवढा बदलतो, कपाळापासून हनुवटीपर्यंत. कान, मान, हात बहुतेक मूळच्या बाईचेच राहतात. तिथं बघा."

सगळ्या मोबाईलवर वाकल्या. जावेच्या डाव्या कानाची पाळी फाटलेली आहे, करडानं झुंबर ओढलं होतं एकदा. व्हिडिओतले दोन्ही कान कसे नव्या चपलेसारखे! मनगटावर गोंदण नाही, उलट घड्याळ. जाऊ म्हणाली, "घड्याळ! मला वेळ शेळ्या सांगतात." पुढं ती बाई तोंडासमोरून हात नेते तिथं ताईंनी थांबवलं. एक क्षणभर ओठ बोटांच्या वर आलेले. बोटं आत, ओठ बाहेर.

"सापडली गं सापडली!" बायकांनी गलका केला.

"थांबा," ताई म्हणाल्या. "ही नुसती शंका आहे. नीट बनवलेला असला तर यातलं काहीच दिसत नाही. आणि मोबाईल हलका असला, रेंज कमी असली, तर खरा व्हिडिओही असाच फाटतो." त्यांनी भावजींच्या कालच्या सभेचा व्हिडिओ लावला. त्यात भावजींची मिशी एकीकडं आणि ओठ दुसरीकडं.

"हे पण खोटं!" एकजण ओरडली.

"खरं आहे. मी स्वतः समोर बसले होते."

"आगं बाई, एवढं बोलले ते खरं होतं व्हय?"

ताई म्हणाल्या, "म्हणून मूळ शोधायचं. ही दुसरी बाई कोण, हे कळलं की वाद मिटतो." व्हिडिओ एका जागी थांबवून त्यांनी त्याचा फोटो घेतला, आणि त्यातला जावेचा चेहरा कापून टाकला. मी म्हटलं, चेहराच कापून टाकला? तर म्हणाल्या, चेहरा तर नंतर डकवलेला आहे, त्याच्यावरून शोधलं तर आपल्याच बॅनरवर जाऊन पोहोचू. पडदा, साडी, माईक हे मूळचं आहे. मोबाईलवर फोटोवरून फोटो शोधायची सोय असते, त्यात तो तुकडा टाकला. पहिल्या खेपेला निघाली ती साड्यांची दुकानं. तिथं आमची पाऊण घटका गेली, खोटं कशाला बोलू. एकीला काठ आवडला होता.

दुसऱ्या खेपेला ताईंनी वेगळी जागा धरली, जिथं मागच्या पाटीचं अर्धं अक्षर दिसत होतं. आणि सापडलं. लांबच्या जिल्ह्यातली एक विनोदी नाटुकली करणारी बाई. दोन वर्षांपूर्वी तिनं स्वतःच टाकलेला कार्यक्रम. तोच पडदा, तीच साडी, तेच घड्याळ, तोच आवाज, शब्दाला शब्द. ती तोऱ्यातल्या पुढारणीचं सोंग करत होती. पुढं तिचा नवरा झालेला माणूस तिला तक्क्यानं बडवतो आणि सगळी सभा हसते. ते हसणं कापून टाकलं होतं, आणि त्या बिचारीच्या तोंडावर आमच्या जावेचं तोंड चिकटवलं होतं.

जाऊ तो मूळ कार्यक्रम बघून हसली. म्हणाली, "बाई झकास करती हो."

तेवढ्यात भावजी आले, मागं चार कार्यकर्ते. म्हणाले, "काळजी करू नका, आमी बंदोबस्त केलाय. सगळ्या ग्रुपांवर टाकून आलो."

"काय टाकलं?"

"तोच व्हिडिओ. खाली लिवलंय, हा व्हिडिओ खोटा आहे, विश्वास ठेवू नये."

ताईंनी कपाळाला हात लावला. "अहो, खालचं वाचतं कोण? व्हिडिओ बघतात आणि पुढं पाठवतात. ज्यांना माहीत नव्हता त्यांनाही तुम्ही घरपोच दिला."

कार्यकर्त्यांतला एकजण म्हणाला, "मग आपण समोरच्या बाईंचं तोंड लावून एक करू. तालुक्याला एकजण लगेच करून देतो."

मी म्हटलं, "कर की. म्हणजे त्यांची जाऊ पण अशीच ओसरीवर बसंल, आणि ताई तिच्याकडं जातील. तुमच्यावर माझा इतका विश्वास हाय भावजी, की तुमी चुकून आपलंच तोंड लावाल." तो माणूस गेला चहा प्यायला.

ताईंनी मग नीट केलं. व्हिडिओ नाही, नुसता फोटो. डावीकडं खोट्यातला, त्याच्या तोंडावरच लाल रंगानं मोठं "खोटं" लिहिलेलं, म्हणजे कुणी कापू शकणार नाही. उजवीकडं मूळ बाई. आणि मूळ कार्यक्रम कुठं बघायला मिळेल तेही खाली. तो मुकादमिणीला पाठवला.

तिचा आवाज परत आला. "बघितला. आमच्या टोळीला पटतंय. पण वस्तीची टोळी म्हनती, फोटो तर कुणीबी जोडतंय. काकूचा माईकवरचा आवाज कसा हाय ते दाखवा. घरचं बोलणं येगळं आस्तंय. माईक हातात आला की मानूस बदलतंय."

रास्त मागणी. आम्ही भावजींच्या अकरा सभांचे व्हिडिओ काढले आणि जावेचा आवाज शोधायला बसलो. अकरा सभांत ती एकदाच बोलली होती. "नमस्कार." आणि तेवढ्यात हलगी वाजली होती. ती खोटी आहे हे सांगायला आमच्याकडं खरी कुठं होती? ज्यानं हे कपट केलं त्यानं बाई बरोबर हेरली होती. बोलणाऱ्या माणसाच्या तोंडी भलतं घालायला जोखीम असते. न बोलणारीच्या तोंडी काहीही बसतं.

भावजींनी बोटानं मिशी खाजवली.

दुसऱ्या दिवशी फडात भाकरीच्या वेळी व्हिडिओवर बोलायचं ठरलं. दोन्ही टोळ्या एका लिंबाखाली गोळा झालेल्या, मुकादमिणीच्या हातात मोबाईल. इकडं मोबाईलसमोर येऊन बसले कोण? भावजी. इस्त्रीचा सदरा. "हां, नमस्कार, तर मी असं सांगतो की..."

तिकडून बायका ओरडल्या, "तुमी नगं! काकू पायजे!"

मी म्हटलं, "भावजी, शेळ्यांना पाणी दावून या बरं."

जाऊ समोर बसली. पण भावजींनी सकाळी पाठ करून घेतलेलं तिच्या तोंडी बसलेलं. ताठ बसून म्हणाली, "माझ्या तमाम बंधूंनो आणि भगिनींनो, मी आपणास विनम्रपणे..."

तिकडून एक म्हातारा म्हणाला, "आरं, ही पण नकलीच हाय!"

मग सुरू झाली तपासणी. ताईंनी कसं बघायचं ते सांगितलंच होतं, त्यांनी त्यात आपली भर घातली. "काकू, मान वळव. पार आडवी. आता कान दाव. तोंडासमोरनं हात फिरव. हळू! आता भुंगा आल्यासारखा झटकन." आमची जाऊ अंगणवाडीतल्या लेकरासारखी सगळं करत होती. वस्तीच्या टोळीतली एक बाई म्हणाली, "आता जीभ काढ." ताई म्हणाल्या, "जिभेची गरज नाही हो." ती बाई म्हणाली, "आमाला हाय. पुढाऱ्याची जीभ बघायला परत कधी मिळायची?"

हसून झाल्यावर मुकादमीण म्हणाली, "तोंड झालं. आता मला आसं सांग, जे तुझ्यावाचून दुसऱ्या कुणाला म्हाईत न्हाई."

आणि जावेचा बांध फुटला. "काय सांगू तुला? तुझी सासू काल पन गोळी चुलीत टाकून बसली, मी बघितली म्हनून दुसरी दिली! तुझी काळी शेळी याली, दोन पाटी झाल्यात, एक दूध पीत न्हाई, बाटलीनं पाजतीया. आणि तुझी धाकटी, ती शाळेत जायला रडती, कारण संध्याकाळी घरी आई नसती! वसतिगृहाला कुलूप हाय! त्या कुलपासाठी मी ह्या बॅनरवर चढले, आन तुमी मला जीभ दाव म्हनता?"

मग तो मघाचाच म्हातारा म्हणाला, "हीच. ही आपलीच."

जाऊ पदरानं तोंड पुसून हळू बोलली. "मी तसं बोलले न्हाई. पन मी कधी बोललेच न्हाई, हे माझं चुकलं. या, न्हाईतर नका येऊ, तुमची मर्जी. पन मी न बोललेलं माझ्या नावावर घालू नका." ताईंनी ते सगळं, सगळ्यांना विचारून, मोबाईलवर धरून ठेवलं. ते आम्ही जावेच्या नावाचं फेसबुकचं पान काढून त्यावर टाकलं. निदान आता तिचा खरा आवाज कुठंतरी होता.

तक्रार द्यायला मी आणि ताई तालुक्याला गेलो. निवडणुकीच्या कचेरीत पहिल्या टेबलावरचे साहेब म्हणाले, "अर्ज तीन प्रतींत. व्हिडिओची झेरॉक्स जोडा."

मी म्हटलं, "साहेब, ती बाई पळती हाय. कागदावर कशी उभी राहील?"

आतल्या खोलीतल्या बाई मात्र तरुण आणि कामाच्या होत्या. पेन ड्राइव्ह घेतला, नंबर, वेळ, मूळ कार्यक्रमाचा पत्ता, सगळं लिहून घेतलं, पोच दिली आणि सायबर पोलिसांकडं पाठवलं. व्हिडिओ उतरला तो मतदानाच्या आदल्या दिवशी. तोवर ज्याला बघायचा त्यानं दोनदा बघून झाला होता. कुणी केला ते अजून कळलेलं नाही. तो नंबर बंद आहे.

ट्रक आले. आमच्या वाडीचा भरून आला, वस्तीचा निम्मा. निम्म्यांना शेवटपर्यंत पटलं नाही, त्यांना मी दोष देत नाही. त्यांच्याकडं तो व्हिडिओ पोचवणारी साखळी माझ्यापासूनच सुरू झाली होती. जाऊ निवडून आली, पण इतक्या थोड्या मतांनी की दोनदा मोजावं लागलं. पूर्ण ट्रक आला असता तर एकदाच मोजून भागलं असतं, हे मला अजून टोचतं.

आता शेवटचं ऐक. पंचायत समितीच्या पहिल्या बैठकीला भावजी तिच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसले आणि वसतिगृहाचा विषय निघाल्यावर म्हणाले, "मी सांगतो." जावेनं माईक स्वतःकडं ओढला. "हे सदस्य न्हाईत. सदस्य मी हाय. तुमी भायेर बसा." कुणीतरी ते मोबाईलवर घेतलं आणि अख्ख्या तालुक्यात फिरलं. आणि आमचे भावजी चहाच्या हॉटेलात बसून ज्याला त्याला सांगतायत, "खोटा हाय हो! यंत्रानं केलाय. आमची तशी बोलणारच न्हाई."

मला तो अकराजणींनी पाठवला, "अक्का, खरं का?" मी कुणालाही पुढं पाठवला नाही. चप्पल घातली आणि जावेच्या गोठ्यात गेले. ती धार काढत होती. म्हटलं, "हे तूच का?"

"मीच," ती म्हणाली. "आन जरा सरका, उजेड आडवताय."

असं आहे बघ. माणूस चार पावलांवर असलं तर जाऊन विचारावं, लांब असलं तर थांबावं. तू तर मला त्या नाचणाऱ्या पुढाऱ्याचंच विचारत बसलीस, मावशीची तब्येत विचारली नाहीस. तेव्हा आता मोबाईलवर काही पाठवू नकोस, स्वतःच ये. तेलगावपर्यंत बस आहे, पुढं मी रिक्षा सांगून ठेवते. जावेची एक शेळी आठवड्याभरात व्यायची आहे, तेवढ्यात ये, म्हणजे तुला चीक खायला मिळेल. येतेस ना लवकर?